भोंग्यावरून दहा ओळी

आयुष्यात मी शंभरावर कबड्डीचे सामने लिहिले असतील, आणि त्यांतला एकही पाहिलेला नाही. हे सांगितलं की लोक हसतात. मीही पूर्वी हसायचे.

आमचं घर मालवणजवळच्या एका गावात, शाळेच्या मैदानामागे. मध्ये दगडी गडगा आणि चार माड. सामने असले की मैदानावरचे दोन भोंगे त्या माडांवर बांधत, एक बाजाराकडे तोंड करून आणि एक नेमका आमच्या पडवीकडे. त्या भोंग्यातून दुपारपासून दिवेलागणीपर्यंत माझे वडील बोलत. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक. जिल्हा रत्नागिरीतून वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती, आणि घाटावर छापल्या जाणाऱ्या एका दैनिकाने आमच्या भागासाठी त्यांना वार्ताहर नेमलं होतं. म्हणजे सामन्याचं समालोचनही त्यांचं आणि सामन्याची बातमीही त्यांचीच. पहिलं त्यांना येत होतं. दुसरं त्यांच्या बापजन्मात येणार नव्हतं.

त्यांनी पाठवलेली पहिली बातमी मला पाठ आहे. ‘मैदानात जणू वीज कडाडली आणि प्रेक्षकांच्या काळजाचं पाणी झालं,’ अशी ती सुरू होत होती आणि कोण जिंकलं हे सांगायचं राहून गेलं होतं. संपादकांचं पोस्टकार्ड आलं : समालोचन नको, वृत्त हवे. गुण, मध्यंतराची आघाडी, चांगले खेळलेले गडी. दहा ओळी. विशेषणे टाळावीत.

वडील दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी ते कार्ड माझ्यासमोर टाकून म्हणाले, “तूच लिव गो बाय. माका असला सुतक पाळूक जमाचा नाय.”

मी तेव्हा चोविशीची होते. शिक्षिका व्हायचं होतं, त्यात दोनदा नंबर लागला नव्हता, आणि लग्न जमत नव्हतं. घरात आई आणि मी. सामन्यांच्या दिवशी मैदानावर जाऊन बसायला आम्हाला कोणी बंदी केली नव्हती. पण गावाची रीत अशी की पाहुण्या संघांचं जेवण वाडीतल्या घरांनी वाटून घ्यायचं आणि पंचांचं जेवण गुरुजींच्या घरी. त्यामुळे सामना सुरू असताना आम्ही मायलेकी भांड्यांच्या ढिगात असायचो. मी पडवीत बसून नारळ खवत असे, शेजारी पाटीवर पेन्सिल. भोंगा बोले, मी टिपून घेई. सामना संपला की दहा ओळी कागदावर उतरवून पाकीट संध्याकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे द्यायचं. तिसऱ्या दिवशी छापून येई. अशी आमची व्यवस्था होती.

हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. वडील माईकवर शाळेतल्या मराठीत सुरुवात करत आणि तिसऱ्या-चौथ्या चढाईला मालवणीत उतरत. “आता चढाईला येत आहेत पाहुण्या संघाचे कर्णधार... बघा, बघा, कसो सापासारखो सरकता! शिवलो! उजव्या कोपऱ्याक शिवलो! पाय धरल्यानी रे... धरून ठेव, सोडू नको, सोडू नको मेल्या... सुटलो! गेलो! घेऊन गेलो रे दोघांका!” याचं मी करी : ‘पाहुण्या संघाच्या कर्णधाराने एका चढाईत दोन गडी बाद केले.’ झालं.

हळूहळू मला त्यांचा भाव कळला. ‘अविस्मरणीय’ म्हणजे साधी चढाई. ते दिवसातून पाचदा व्हायचं. ‘श्वास रोखून धरा’ म्हणजे कोणीतरी वेळ काढत मध्यरेषेजवळ घुटमळतोय. ‘अटीतटीची झुंज’ म्हटलं की अंतर दहा गुणांचं आहे आणि लोक उठून चालायला लागले आहेत, त्यांना बसवायचं आहे. आणि खरोखर काही मोठं घडलं, की त्यांचा आवाज क्षणभर बंद पडे. ती शांतता ऐकली की मी पेन्सिल उचलायची. पण एवढं सगळं करूनही त्यांच्या बोलण्यात माल असायचा. कितव्या नंबरचा गडी, कुठल्या कोपऱ्यातून पकड, पाय धरला की कंबर, लोण कोणत्या मिनिटाला चढला, सगळं त्या आरडाओरड्यात असायचंच. मला फक्त सोलायचं होतं.

छापून आलं की ते स्वतः मोठ्याने वाचत. मग पेपर खाली ठेवून म्हणत, “काय गो ह्यां! माज्या सामन्याची पेज केलंस. त्यात मीठसुद्धा नाय.”

“संपादकांना पेजच लागते,” मी म्हणायची.

“त्येंका पोटाचो आजार आसतलो.”

घरातही ते असेच. बांगड्याचं तिखलं ताटात पडलं की दहा मिनिटं समालोचन. तिरफळाचा पहिला हल्ला, मग आमसुलाने केलेला प्रतिकार, शेवटी भाताची शरणागती. आई कपाळावर हात मारी. मला तर कधीकधी वाटे, हा माणूस पाच मिनिटं गप्प बसला तर मी देवाला नारळ देईन. तसं मी त्यांना तोंडावर म्हटलेलंही आहे.

कधी सुरू झालं ते नेमकं सांगता येणार नाही. दिवाळीनंतरचा हंगाम होता. एका संध्याकाळी मी लिहायला बसले आणि पाटीवर काहीच नव्हतं. म्हणजे शब्द भरपूर होते. वाघ होता, वीज होती, ‘आमच्या लाल मातीचो सुपुत्र’ होता. पण कोणता गडी, कोणत्या बाजूने, कोणी धरला? मी त्या दिवशी सहा ओळींत भागवलं. पुढच्या सामन्यालाही तेच. आधी कोपरे गेले. ‘उजवा कोपरा’, ‘डावा कोपरा’ हे शब्दच भोंग्यातून यायचे बंद झाले. मग गड्यांचे नंबर गेले. नावाच्या जागी ‘आपलो वाघ’, ‘तो बघा तो’.

मी चिडले. “बाबा, नावं द्या की जरा. मी काय लिहू, वाघाने दोन गडी बाद केले?”

“नावां सगळ्यांका ठावक आसत.”

“पेपर वाचणाऱ्यांना ठाऊक नाहीत.”

“मग त्येनी सामन्याक येवचा,” ते म्हणाले आणि उठताना तुळशीच्या कठड्याला आपटले. गुडघ्यातून रक्त आलं. आई ओरडली, “बगून चला हो! कठडो काय आज बांधलो?” त्या महिन्यात ते तिसऱ्यांदा आपटले होते. पण सकाळी चष्मा लावून सगळा पेपर वाचत, बारीक टायपातल्या जाहिरातीसकट, त्यामुळे डोळ्यांची शंका घरात कोणाला येणार?

मला ती आली भोंग्यामुळे. मैदानावरची आरोळी आमच्या पडवीत दोन वाटांनी येई. एक भोंग्यातून, माईकने पकडलेली. आणि एक गडग्यावरून सरळ, लोकांच्या तोंडातून. इतकी वर्षं क्रम ठरलेला होता : आधी वडील ओरडत, ‘धरल्यानी!’, आणि मग लोक. ते लोकांपेक्षा अर्धा क्षण पुढे असत. त्यांना खेळ कळत होता, गड्याचा खांदा वळला की ते ओळखत. त्या दिवशी मी नारळ खवता खवता थांबले. आधी लोक ओरडले, मग वडील. पुढच्या चढाईला पुन्हा तसंच. त्याच्या पुढच्याही. सबंध सामना मी हातात नारळाची अर्धी खवलेली कवड धरून ऐकला. दर वेळी आरोळी आधी आणि शब्द नंतर. आरोळी मोठी असली तर ‘दोघांका घेऊन गेलो’, लहान असली तर ‘एक गुण’, आणि नुसता चुकचुकाट आला तर ‘रिकामी चढाई’. ते मैदान बघून बोलत नव्हते. लोक ऐकून बोलत होते.

गावातल्या एकाही माणसाला कळलं नव्हतं, कारण गाव समोर सामना बघत होतं आणि वर त्यांचं ऐकत होतं. त्यांना त्यातून माहिती नको होती, मजा हवी होती, आणि मजा तर वाढलीच होती. माहिती हवी असणारी त्या सगळ्या मैदानात मी एकटी, आणि मी मैदानात नव्हते.

त्या संध्याकाळी मी त्यांना पडवीतच गाठलं. आई पाठीमागे भांडी घासत होती. मी हळूच विचारलं, “तुमका कोपरे दिसतत, बाबा?” घरात आम्ही वडिलांशी मालवणीच बोलायचो, पण पेपरच्या कामाचं मी हट्टाने पुस्तकी बोलायची. त्या दिवशी ते सुचलं नाही.

ते म्हणाले, “समोरचा दिसता. कुडाच्या भोकातून बगल्यासारख्या. बाजूचा सगळा गेला.”

काचबिंदू होता. वर्षापूर्वी निवृत्तिवेतनाच्या कामाचं निमित्त करून ते एकटेच मोठ्या दवाखान्यात जाऊन आले होते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने जितकी टिकेल तितकी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. थेंबाची बाटली ते शाळेच्या जुन्या पेटीत ठेवत.

“दोन्ही संघ एकदम दिसणत नाय,” ते म्हणाले. “एक गडी सापडता, तवसर दुसरो पळून जाता. पण गुण माका कळतत. गुणलेखक बाजूकच बसता, तो मोठ्यान सांगता. हंगाम एवढो काढूक दी गो. मग मी आपणहून सोडतंय.”

“आणि चुकलात तर?”

“पंच आसत मा चुका काढूक?” त्यांनी माझा हात शोधून धरला. खरोखर शोधून, आधी तो हवेत फिरला. “माईक गेलो तर माका काय उरला, सांग.”

आईला सांगू नको, असं त्यांनी म्हटलं नाही. ते मी आपणच ठरवलं. त्यांच्या शेजारी जाऊन बसावं असं फार वाटे, पण मंचावर समितीची आणि पंचांची बैठक. तिथे गुरुजींची मुलगी येऊन त्यांच्या कानाला का लागते, हे दुसऱ्या मिनिटाला गावाने विचारलं असतं. मग मी बातम्या आणखी आखडत्या घेऊ लागले. खात्रीचं तेवढंच लिहायचं : दोन संघ, गुण, मध्यंतर. गुण गुणलेखकाच्या तोंडचे असत, ते चुकीचे नसत. नावं मी संध्याकाळी पंच पान खायला थांबले की विचारून घेई. चार ओळी, पाच ओळी. महिन्याभराने संपादकांचं पोस्टकार्ड आलं : आपल्या वृत्तलेखनात अलीकडे उत्तम संयम आला आहे, असेच लिहीत जावे.

मी ते वाचून दाखवलं. वडील हसले, मी हसले. नंतर मी न्हाणीघरात जाऊन रडले. न बघणाऱ्या माणसाचं बोलणं न बघणारी मुलगी लिहीत होती, आणि ते छापून आलं की इतकं थंड, इतकं नेमकं दिसे, की गावातले प्रत्यक्ष सामना बघितलेले लोकसुद्धा वाद झाला तर पेपर काढून दाखवत.

हंगामाचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. अंतिम फेरी. आमच्या वाडीचा संघ आणि वेंगुर्ल्याकडचा एक संघ. मुख्य पंच वडिलांच्याच वयाचे, अतिशय सरळ माणूस. दुपारी आमच्याकडे जेवले. वडिलांनी त्यांना सुरमईच्या तुकडीचं समालोचन ऐकवलं आणि ते हसून हसून ठसकले. निघताना वडील माझ्या कानाशी म्हणाले, “आज शेवटचो. संध्याकाळी माईक ठेवतंय.” त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. मी त्यांना गडग्याच्या पायऱ्यांपर्यंत हात दिला. लोकांना वाटलं, लाड.

सामना चांगला झाला असावा. मध्यंतराला आमचा संघ दोन गुणांनी पुढे होता. नंतर पाहुण्यांनी लोण चढवला आणि शेवटच्या मिनिटाला ते एकवीस, आम्ही वीस. चढाई आमची. हे सगळं मी पाटीवर घेतलं होतं. भोंग्यातून वडिलांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. “आपलो कप्तान चढाईक निघालो... ह्या मातीची आण आसा तुका...” आणि मग गडग्यावरून आरोळी आली. तशी आरोळी मी कधी ऐकली नव्हती. तिच्यामागून भोंगा फुटला : “दोन! दोघांका घेऊन इलो! बावीस-एकवीस! जिंकलो! जिंकलो रे आमी!”

मी ‘बावीस-एकवीस’ लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. आरोळी आधी होती. आणि ती थांबत नव्हती. आनंदाची आरोळी वर जाते आणि फुटते. ही तशीच तापत राहिली. बाजाराच्या बाजूला फटाके सुरू झाले होते. मी तशीच, खोबऱ्याच्या हातांनी, गडगा चढून मैदानात गेले.

घडलं होतं ते असं. मैदानाच्या दोन्ही कडांना एकेक राखीव पट्टा असतो. गडी शिवून झटापट सुरू झाल्याशिवाय चढाई करणाऱ्याने त्यात पाय टाकला की तो बाद. आमच्या कप्तानाने दोन गडी शिवले हे खरं. पण त्याआधीच त्याचा पाय त्या पट्ट्यात पडला होता. अगदी कोपऱ्यात. मुख्य पंचांनी शिट्टी मारून त्याला बाद दिलं. पाहुणे बावीस, आम्ही वीस. काही लोक जिंकलो म्हणून ओरडले, काही पंचांवर ओरडले, आणि गुणलेखक टेबल सोडून पंचांकडे धावला. टेबलावर वडील एकटे उरले. त्यांच्या कानाला सांगणारं कोणी नव्हतं. त्यांनी जे ऐकू आलं त्याचा अर्थ लावला आणि सबंध गावाला, बाजाराला, धक्क्यावर जाळी ओढणाऱ्यांना सांगून टाकलं. गुलाल उडाला. मग पंच हात हलवून नाही म्हणू लागले, तेव्हा लोकांना वाटलं, दिलेला निकाल फिरवला. भोंग्यावरून सांगितलेलं खोटं कसं असेल? गुरुजींनी सांगितलेलं?

मी पोचले तेव्हा दगड लागून गेलेला होता. पंच खाली बसले होते, कपाळाला पंचा, तो लाल झालेला. पाहुण्या पोरांना कोणीतरी शाळेच्या वर्गात कोंडून बाहेरून कडी घातली होती, त्यांच्याच भल्यासाठी. आणि मंचावर माझे वडील उभे, धुतलेल्या सदऱ्यावर गुलाल, समोर बघत, म्हणजे कुठेही न बघत, माईकमध्ये सांगत होते, “ह्यो दिवस पिढ्यान्‌पिढ्या विसराचो नाय! लोकांनू, तुमच्या डोळ्यांनी बगल्यात तुमी!” मी हात घालून माईकचं बटण बंद केलं. ते तरी बोलतच राहिले. नुसत्या तोंडाने. मग त्यांना भोंगा ऐकू येईना, तेव्हा थांबले.

“बाबा, आपण हरलो,” मी म्हटलं. “कप्तान बाद आसा. लोकांनी पंचांका मारल्यानी.”

ते खुर्ची शोधू लागले. मी ती त्यांच्या मागे सरकवली.

पंचांना दवाखान्यात टाके पडले. दिवेलागणीला सामने भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष आमच्या पडवीत आले. चांगला माणूस होता तो, त्याने वाईट हेतूने काही केलं नाही. वडिलांच्या नजरेचं त्यांना एव्हाना कळलं होतं. मंचावर सगळ्यांनीच बघितलं होतं. ते ऑफिसच्या मराठीत बोलू लागले. “गुरुजी, बातमी तर जायला हवी. साधंच लिहूया. ‘पंचांच्या वादग्रस्त निर्णयामुळे काही काळ तणाव निर्माण झाला.’ कोणाचं नाव नको. तुमचंही झाकून जाईल, गावाचंही.”

वाक्य उत्तम होतं. माझ्या मापाचं. शांत, आवाज न चढवणारं, कोणालाही खरं वाटेल असं. आई दारात उभी राहून मानेने मला ‘लिही’ म्हणत होती.

“निर्णय वादग्रस्त नव्हतो,” वडील म्हणाले. “बरोबर होतो. वादग्रस्त म्हटल्यार उद्या लोक म्हणतले, पंचान पैसे खाल्ल्यान. त्याका परत कोण शिट्टी देतलो?”

“पण मग गुरुजी, तुम्हाला परत माईक...”

“तो गेलो,” वडील म्हणाले.

अध्यक्ष चहा न घेता गेले. आई आत जाऊन रडू लागली. मी कागद घेतला. दोन्ही संघ, बावीस-वीस, मध्यंतर, चांगले खेळलेले दोन-दोन गडी. इथपर्यंत हात नेहमीसारखा चालला. मग अखेरची चढाई, राखीव पट्टा, पंचांचा निर्णय. आणि मग ते वाक्य, जे मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी त्यांना वाचून दाखवलं : ‘निर्णय जाहीर होण्यापूर्वीच गावचे ज्येष्ठ व लोकप्रिय समालोचक यांनी, दुर्दैवाने दृष्टी अधू झाल्याने, ध्वनिक्षेपकावरून यजमान संघ विजयी झाल्याचे चुकीने सांगितले. त्यामुळे गैरसमज होऊन मुख्य पंचांना मारहाण झाली.’ ‘समालोचक’ या शब्दापुढे त्यांचं नाव. इतक्या वर्षांत मी माझ्या हाताने घातलेली ती पहिली विशेषणं.

ते डोळे मिटून ऐकत होते. “परत वाच,” म्हणाले. मी वाचलं.

“‘ज्येष्ठ’ काढ. ‘लोकप्रिय’ काढ.”

“असूंदे हो.”

“वृत्तात बसणा नाय. ‘दुर्दैवान’ पण काढ. संपादकांनी कार्डात लिवलेला ना, विशेषणां नको म्हणान? बाकी बरोबर आसा. बरा लिवतंस तू.”

ही त्यांनी माझ्या लिहिण्याची केलेली एकुलती एक स्तुती. मी तीन शब्दांवर रेघ मारली, आणि पाकीट सकाळच्या पहिल्या एस.टी.ला दिलं. तिसऱ्या दिवशी आठ ओळी छापून आल्या, एक अक्षर न बदलता. पंच टाके काढल्यावर येऊन भेटून गेले. वडिलांचे हात धरून बसून राहिले. दुसऱ्या कोणी फारशी पायरी चढली नाही. गावाला राग होता असं नाही. गाव लाजलं होतं, आणि लाजलेलं गाव रागावलेल्यापेक्षा जास्त दिवस दूर राहतं.

पुढच्या हंगामात माडावर भोंगे चढले, नवा आवाज आला. वडील पडवीत बसून होते. तोवर मधलं भोकही बरंच बुजलं होतं. मला वाटलं, ते दोन चढाया ऐकतील आणि त्या पोराची टर उडवतील. ते म्हणाले, “दार लोट. आवाज येता.” बस्स.

नजरेचं छापून आल्यावर वार्ताहरकीही गेली. तिचं मला काही वाटलं नाही. मला जे वाटतं ते दुसरंच आहे, आणि ते आज इतक्या वर्षांनीही तसंच आहे. ते घरातही बोलायचे बंद झाले असं नाही. बोलत. विचारलं की सांगत. “कसा वाटता?” “डावो गुडघो दुखता. सकाळपासून. बाकी काय नाय.” “जेवलात?” “जेवलंय. भात नि डाळ.” ओरडणं गेलं, वाघ गेला, वीज गेली. मी जन्मभर त्यांचं बोलणं सोलत आले होते. आता ते सोललेलंच येत होतं.

एका पावसाळ्याआधी धक्क्यावर ताजे बांगडे आले. मी मुद्दाम तिखलं केलं, तिरफळं मूठभर जास्त. ताट त्यांच्या हाताशी ठेवलं, वाटी कुठे आहे ते बोट धरून दाखवलं, आणि समोर बसले. आई चुलीजवळून बघत होती. त्यांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिरफळ दाताखाली आलेलं मला ऐकू आलं.

“कसा झालाहा?” मी विचारलं.

“बरा आसा,” ते म्हणाले, आणि जेवत राहिले.